सोळा अंशांच्या खोलीतला बर्फ

बारावीच्या वर्षी आमच्या सगळ्या बॅचचं उत्तर ऐंशी आलं. एकटीचं ब्याण्णव आलं. आणि सरांनी सही न करता परत केली ती त्या एकटीचीच वही.

ह्यावर मी आजही भांडायला तयार आहे. तेव्हा तर होतेच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकचं आमचं ज्युनियर कॉलेज तसं नावाजलेलं. प्रवेशाच्या पहिल्या यादीत लागलेल्या मुलामुलींना दुपारची प्रॅक्टिकल्स मिळायची. दुसऱ्या-तिसऱ्या यादीतले, राखीव जागांवरचे, वसतिगृहात राहणारे, असे आम्ही सगळे उरलेले सकाळी साडेसातला. जानेवारीत नाशिकला सकाळी साडेसातला काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको. फिजिक्सच्या लॅबच्या वरच्या झडपांना काचा नव्हत्या, पुठ्ठे लावलेले होते. कॉलेजने थंडीसुद्धा गुणवत्तायादीप्रमाणे वाटली होती. हे वाक्य मी तेव्हा एका पत्रकातही घातलं होतं. विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी फार मन लावून करायचे. सायक्लोस्टाइलची शाई माझ्या बोटांवरून वर्षभर गेली नाही.

माझी प्रयोगातली जोडीदारीण हरसूलच्याही पुढच्या एका पाड्यावरची. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, आता नाशिकला मुलींच्या वसतिगृहात. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. तिचे आईबाप भातकापणी झाली की निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जायचे आणि बाग संपेपर्यंत तिथेच पालात राहायचे. धाकटी बहीणही त्यांच्याबरोबर असायची. हिला शिकू द्यायचं घरात ठरलं होतं, पण एकदाच. बापाने सांगितलं होतं, "बारावी निघाली तर पुढचं बघू. नाय निघाली तर बागेत ये." तो काही दुष्टपणाने बोलला नव्हता. त्याच्याकडे तेवढंच होतं.

आता प्रयोग. बर्फ वितळायला किती उष्णता लागते ते मोजायचं. तांब्याचं एक छोटं भांडं असतं, लाकडी पेटीत बसणारं, त्याला कॅलरीमीटर म्हणतात. त्याचं वजन करायचं. त्यात कोमट पाणी घालून पुन्हा वजन करायचं. पाण्याचं तापमान बघायचं. मग बर्फाचे खडे टिपकागदाने कोरडे करून एकेक आत सोडायचे, ढवळत राहायचं, आणि शेवटचा खडा वितळला की पारा कुठवर उतरला ते टिपायचं. परत वजन. वाढलेलं वजन बर्फाचं. पाण्याने आणि भांड्याने जेवढी उष्णता सोडली तेवढी बर्फाने घेतली, असं धरायचं. त्यातली थोडी, वितळून झालेल्या पाण्याला शून्यावरून वर यायला लागली. उरलेली सगळी नुसत्या वितळण्यात गेली. ती थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एका ग्रॅमला सुमारे ऐंशी कॅलरी. पुस्तकात छापलेलंच आहे.

आणि छापलेलं आहे म्हणूनच घोटाळा. आमच्याकडे कुणी ऐंशी मोजत नव्हतं. ऐंशीपासून उलटं गणित करत मागे यायचं, कोमट पाणी किती, बर्फ किती, पारा कुठे, हे सगळं बेतून लिहायचं. ह्याला रीडिंग शिजवणं म्हणत. वरच्या वर्गातल्या कुणाची तरी तपासलेली वही फिरायची, तिच्यावरून आकडे थोडे इकडेतिकडे करायचे. मामा, म्हणजे लॅबचे शिपाई, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन यायच्या आधीच निम्म्या बॅचचं उत्तर तयार असायचं. शेवटी 'चुकांची कारणे' ह्या मथळ्याखाली सगळे एकच वाक्य उतरवायचे: सभोवतालाकडून उष्णता मिळाल्यामुळे उत्तरात फरक पडतो. सरांची लाल खूण त्या वाक्यावर अगदी ठरल्या जागी पडायची.

माझ्या मैत्रिणीने शिजवलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं त्यात. तिला ते सुचलंच नाही. आश्रमशाळेत तिने बर्फाचा प्रयोग फक्त चित्रात पाहिला होता. इथे खरा बर्फ हातात आला तर ती मोजत बसली. मी शेजारी थर्मामीटर धरून उभी, नाक गळतंय, आणि ही खडा पुसून, चिमट्याने उचलून, पाणी उडू न देता आत सोडतेय. टेबलावर चिकटवलेल्या सूचनापत्रावर लिहिलं होतं त्याप्रमाणे पस्तीस अंशांच्या पाण्यापासून सुरुवात. शेवटी पारा चोवीसवर थांबला. गणित केलं. ब्याण्णव.

पुन्हा अख्खा प्रयोग केला. नव्वद. तिसऱ्यांदा ब्याण्णव आणि वर थोडं.

मी जोडीदार म्हणून माझ्या वहीतही ब्याण्णव लिहिणार होते, पण माझी वही आधीच शिजलेली होती. तसं मी तिला सांगितलंही. "अगं, ऐंशी करून टाक. कोण बघतंय?"

"आपण बघितलं ना," ती म्हणाली.

सरांनी तिची वही उघडली. सर वाईट नव्हते. मफलर गुंडाळलेला, दम्याचा त्रास असलेला, निवृत्तीकडे झुकलेला माणूस. सकाळची बॅच त्यांच्याही वाट्याला कुणीतरी टाकलेलीच होती. पण समोर वह्यांचा ढीग होता आणि त्या ढिगात सगळीकडे ऐंशी होतं.

"ब्याण्णव? बर्फ पुसला नसशील नीट. ओला टाकलास."

"पुसला होता, सर."

"मग वजनात गडबड. हे बघ बाळ, मी असली वही सही करू शकत नाही. पुढच्या आठवड्यात राहिलेल्यांचा दिवस आहे, तेव्हा कर आणि नीट आण. त्यानंतर मी वह्या घेत नाही." आणि वही परत तिच्या हातात.

सगळे प्रयोग सही झाल्याशिवाय वहीवर दाखला नाही. दाखला नाही तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. बसली नाही तर बारावी गेली. आणि बारावी गेली तर निफाड. हे सगळं तिच्या तोंडावर एका क्षणात दिसलं मला. तिने वही पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला.

मी मात्र पेटले. बाहेर पायरीवर बसून जुन्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर प्राचार्यांना निवेदन लिहायला घेतलं. 'खोटे लिहिणाऱ्यांना सही आणि खरे लिहिणारीला शिक्षा, हा कोणता न्याय?' इथपर्यंत छान जमलं होतं. तिला वाचून दाखवलं.

"झकास हाय," ती म्हणाली. "हे वाचून सर सही करतील?"

"करावीच लागेल. आपण सगळ्या बॅचच्या सह्या घेऊ."

"सगळ्या बॅचनं तर शिजवलंय. ते कशाला सही देतील?"

मी कागद उलटासुलटा केला.

"आणि निवेदन दिलं तरी उत्तर ब्याण्णवच राहील ना," ती पुढे म्हणाली. "ते का आलं ते मला कळलं नाय. मला आधी ते पायजे."

"तुला सही पाहिजे की कारण पाहिजे?"

"दोन्ही पायजे. पण कारण नसंल तर पुढच्या आठवड्यात परत ब्याण्णवच येईल. मग सही कुठून येणार?"

मी निवेदनाची घडी घालून वहीत ठेवली. ती अजून आहे माझ्याकडे. निवेदन चांगलं होतं, त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण त्या आठवड्यात आम्ही मोर्चा काढला नाही, बर्फाचा विचार केला.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून तिने एकेक शक्यता खोडली. बर्फ ओला असता तर त्याच्यावरचं पाणी आधीच वितळलेलं. ते वजनात बर्फ म्हणून मोजलं जाणार, पण पाण्याला गार कमी करणार. म्हणजे उत्तर ऐंशीच्या खाली. आपलं तर वर. सरांचं म्हणणं उलट्या बाजूचं होतं. मग बर्फ शून्याच्याही खाली गेलेला, कारखान्यातून आल्या आल्या घेतला असेल का? तेवढं वर आणायला जास्त उष्णता लागली असती. पण नाही, आपण घेतला तेव्हा लादीला पाझर फुटला होता, खाली बादलीत थेंब पडत होते. म्हणजे तो शून्यावरच होता. हाताची चूक? हाताची चूक कधी वर जाईल कधी खाली. आपलं तिन्ही वेळा वरच गेलंय.

"उरलं काय?" मी विचारलं.

"सभोवताल," ती म्हणाली. "पण बाहेरून उष्णता आली तर पाणी कमी गार होतं. मग तर उत्तर कमी यायला पायजे. वहीत सगळ्यांनी लिहिलंय ते वाक्य पण उलट्याच बाजूचं हाय."

इथे येऊन आम्ही अडकलो.

राहिलेल्यांच्या दिवशी सकाळी लॅबमध्ये आम्ही मोजून सहासातजण. मामांनी लादी फोडली. कडाक्याची थंडी. तिच्याकडे स्वेटर होता, पण बाह्या आखूड झालेल्या. मी तिला म्हटलं, एकदा जुन्याच रीतीने करून बघू, काय होतं ते नीट बघू. पस्तीसचं पाणी, खडे, ढवळणं. पारा परत चोवीसवर. ती पारा बघत होती आणि बघता बघता तिने, बोटं बधिर झाली होती म्हणून, भांडं लाकडी पेटीतून वर काढून दोन्ही ओंजळीत धरलं. चहाचा पेला धरतात तसं.

मग ती तशीच थांबली.

"हात लाव," ती म्हणाली.

"कशाला?"

"लाव ना गं."

मी लावला. भांडं उबदार होतं.

"बर्फ टाकून झाला," ती हळू आवाजात म्हणाली, "सगळा वितळला, आणि तरी हे मलाच ऊब देतंय. ह्याला बाहेरून काय मिळणार? हेच वाटत सुटलंय."

आम्ही दुसरा थर्मामीटर घेतला, दोऱ्याने स्टँडला टांगला आणि बघत राहिलो. पारा उतरत उतरत सोळावर थांबला. खोली सोळा अंशांवर होती. टेबलावरच्या सूचनापत्रावर 'खोलीचे तापमान: २८' असं टाइप केलेलं होतं आणि बॅचमधल्या प्रत्येक वहीत तेच अठ्ठावीस उतरलेलं होतं. आमच्याही. तो एकच आकडा कुणी, अगदी तिनेसुद्धा, मोजला नव्हता. छापलेलंच होतं, मग कशाला मोजायचं?

ती सरांच्या टेबलापाशी गेली. मी मागे. माझ्या तोंडात पाच वाक्यं तयार होती, पण तिने मागे हात करून मला गप्प केलं.

"सर, मे आय..." ती अडखळली.

"मराठीत बोल."

"सर, बर्फ ओला असता तर उत्तर कमी आलं असतं. बाहेरून उष्णता आली असती तरी कमीच आलं असतं. माझं जास्त येतंय."

"बरं. मग?"

"बाहेरून आली नाय, सर. बाहेर गेली."

मागच्या टेबलावरून कुणीतरी खिदळलं. "बाहेर गेली म्हणे! चहा प्यायला गेली असंल."

सरांनी वर बघितलं, तो गप्प झाला. "विस्ताराने सांग."

"पाणी पस्तीसवरून चोवीसवर आलं. खोली सोळावर हाय. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाणीच गरम, खोली गार. सगळा वेळ उष्णता खोलीकडं चाललीय. पाणी जास्त उतरलं ते बर्फामुळं पण आणि खोलीमुळं पण. आपण सगळंच बर्फाच्या नावावर मांडलं. त्यानं तेवढं घेतलंच नव्हतं."

सर म्हणाले, "खोली सोळावर? सूचनापत्रात अठ्ठावीस आहे."

"ते जूनमधलं असंल, सर."

ह्यावर मी हसले. सर पण हसले, आणि हसता हसता खोकले. उठून आमच्या टेबलापाशी आले, टांगलेल्या थर्मामीटरपाशी वाकले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. श्वासाने पारा चढेल म्हणून ती त्यांना म्हणाली, "सर, थोडं लांबून." ते निमूटपणे लांब झाले. मला ते फार आवडलं. आजवर मी कुठल्याही साहेबाला इतक्या साध्या शब्दांत मागे सरकवू शकलेले नाही.

"मग आता कसं करशील?" त्यांनी विचारलं.

"खोलीच्या जेवढं खाली जायचं तेवढंच वरून सुरू करायचं. पहिल्या अर्ध्यात जाईल ती दुसऱ्या अर्ध्यात परत मिळंल."

"किती वर?"

"दहा वर, दहा खाली?" मी मध्येच घुसले.

"नको," सर म्हणाले. "फार खाली नेलंत तर भांड्यावर बाहेरून दव धरेल. ते वजनात येईल, आणि धरताना उष्णताही देईल. चार-चार पुरे." आणि त्यांनी स्वतः कपाट उघडून बारीक खुणांचा थर्मामीटर काढून दिला. तो थर्मामीटर आम्ही वर्षभरात पहिल्यांदा पाहिला. एवढ्या छोट्या फरकाला अर्ध्या अंशाच्या खुणा चालणार नाहीत, म्हणाले. (सकाळच्या बॅचला तो आधी का दिला नाही, हा प्रश्न मी गिळला. आज इथे नोंदवून ठेवते.)

वीस अंशांचं पाणी. ते गरमही नव्हतं, आमच्या बोटांना जेमतेम कोमट. तिने खडे बारीक करून घेतले. मी ते, अंगावर पाणी दिसू नये इतपत, कोरडे टिपून देत गेले. सुरुवातीला पारा भराभर उतरला, मग सावकाश, मग फारच सावकाश. शेवटचा चिमूटभर खडा पाण्यावर फिरत राहिला, वितळेचना. सर, मामा, मी, आणि मगाशी खिदळलेला तो, सगळे त्या खड्याकडे बघत उभे. खडा गेला. बाराच्या किंचित वर. तिने भांड्यावरून बाहेरून बोट फिरवलं. कोरडं. वजन झालं. ती गणिताला बसली आणि मी तिच्या पेनाकडे बघायचं टाळून खिडकीच्या पुठ्ठ्याकडे बघत बसले.

"अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली.

मी श्वास सोडला. पण सर म्हणाले, "ऐंशी का नाही?"

मला त्या माणसाचा राग आला. तिला आला नाही. ती विचार करत राहिली. तिची बोटं भांड्यावरच होती.

"शेवटी बर्फ हळू वितळला, सर. खोलीच्या वर थोडाच वेळ होतं पाणी, खाली जास्त वेळ राहिलं. गेली त्याच्यापेक्षा जास्त परत आली."

"म्हणजे काय झालं? वहीच्या भाषेत सांग."

ती हसली. त्या आठवड्यातलं तिचं पहिलं हसू. "सभोवतालाकडून उष्णता मिळाली, सर. आज मिळाली. त्या दिवशी नव्हती."

सरांनी वही मागितली. ती ब्याण्णवचं पान फाडायला लागली तर त्यांनी तिचा हात धरला. "ते राहू दे." त्या पानाखाली त्यांनी लाल शाईत लिहिलं, 'उत्तर जास्त येण्याचे कारण पुढील पानावर', आणि सही केली. पुढच्या पानावर अठ्ठ्याहत्तर, त्याखाली पुन्हा सही. मग टेबलावरच्या सूचनापत्रातलं 'पस्तीस' खोडलं, 'अठ्ठावीस' खोडलं आणि वर लिहिलं, 'आधी खोलीचे तापमान मोजा.' आणि आम्ही निघालो तेव्हा, मफलर सारखा करत, अगदी सहज आवाजात म्हणाले, "बॅचमधल्या सगळ्यांना सांगा. हा प्रयोग सगळ्यांनी परत करायचाय."

मग काय! आठवडाभर ती दिसली की पोरं हात जोडायची. "बाई, तुझ्या पाया पडतो, पुढचा प्रयोग बरोबर नको करूस."

बोर्डाच्या परीक्षेत चिठ्ठी उचलली तर तिला बर्फ आलाच नाही, तारेवर कंपनं मोजायचा प्रयोग आला. तोही तिने खरा मोजला. बारावी निघाली. बाप पेढे घेऊन निफाडहून थेट वसतिगृहावर आला होता. तो पेढ्यांचा पुडा पण तिने दोन्ही हातांनी धरला होता, ते आठवतं.

पुढे ती बीएस्सी झाली, बीएड झाली आणि तिच्याच भागातल्या एका आश्रमशाळेत शिकवायला लागली. मी पत्रकंच लिहीत राहिले. काही वर्षांनी मी त्या बाजूला सभांसाठी जाणार होते, तसं फोनवर तिला कळवलं. म्हटलं, तुझ्या शाळेत वाटायला गठ्ठा आणते.

"पत्रकं नको आणूस," ती म्हणाली. "बर्फ आण."

मी नाशिकहून डब्यात बर्फ, भोवती भाताचं तूस भरून, एसटीत मांडीवर घेऊन गेले. हरसूलला पोचेपर्यंत माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि कंडक्टर मला मासळीवाली समजत होता. एप्रिलची दुपार. वर्गावर पत्रा. तिने मुलांना बर्फ दाखवलाही नाही, आधी भिंतीवरचा थर्मामीटर वाचायला लावला. मग खोलीपेक्षा चार अंश कोमट पाणी घेतलं, खडे पुसून टाकले, ढवळायला एका मुलीला बसवलं. शेवटचा खडा गेला. पारा वाचून झाला, वजन टिपून झालं, तेव्हा तिने भांडं त्या मुलीच्या ओंजळीत दिलं.

"काय लागतंय?"

"गार, बाई."

"मग कोण कुणाला देतंय?"

मुलीने भांड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी देतेय त्याला," ती म्हणाली.

"लिही," माझी मैत्रीण म्हणाली. "तुझ्या शब्दांत लिही."